स्विच सुटल्यावर कॉइलमधला करंट: नॅचरल आणि फोर्स्ड रिस्पॉन्स एका रिलेच्या सर्किटवरून

डिप्लोमा करून मी थेट दुसऱ्या वर्षाला आलो. पहिल्याच चाचणीत आर-एल सर्किटचं गणित होतं: कॉइलमध्ये करंट वाहतोय, स्विच उघडतो, पुढचा करंट काढा. मी पानभर मांडणी केली आणि खाली उत्तर लिहिलं:

```
i(t) = 0.1 + 0.3 e^(-600 t)
```

पेपर परत देताना सरांनी एकच गोष्ट विचारली. "स्विच उघडायच्या आधी करंट किती होता?" म्हटलं, ०.३ अँपिअर. "आणि तुझ्या उत्तरात t ला शून्य टाक, किती येतो?" ०.४ येत होता. "कॉइलमधला करंट एका क्षणात ०.१ ने वाढला? कुणी वाढवला?"

टाइम कॉन्स्टंट बरोबर होता, शेवटची किंमतही बरोबर होती, पण एक आकडा चुकीच्या जागी बसला होता. पुढे ज्युनिअर मुलांना शिकवताना तीच चूक मी इतक्या वह्यांमध्ये पाहिली की त्या एका गणिताभोवतीच हा लेख लिहितोय. तेच सर्किट कागदावर सोडवू, स्क्रीनवर चालवू आणि मग टेबलावर जोडून बघू.

## लागणारं सामान

कागदावरच्या कामाला पेन्सिल, ग्राफ पेपर आणि `e^x` व `ln` ची बटणं असलेला कॅल्क्युलेटर पुरे. सिम्युलेशनसाठी LTspice फुकट मिळतं. प्रत्यक्ष जोडणार असाल तर एवढं लागेल:

- २४ व्होल्ट डीसी सप्लाय, निदान अर्धा अँपिअर देणारा
- कॉइल किंवा चोक (माझ्या गणितात ०.४ हेन्री आणि ८० ओहम)
- १६० ओहमचा रेझिस्टर, ५ वॉटचा
- साधा टॉगल स्विच
- मल्टिमीटर आणि डीएसओ

सामान मी लॅमिंग्टन रोडवरून आणतो. ग्रँट रोडला पूर्वेकडे उतरलं की चालत जाता येतं. १६० ओहम ५ वॉटमध्ये मिळाला नाही तर १५० आणि १० ओहमचे पांढरे सिरॅमिक रेझिस्टर घ्या आणि सिरीजमध्ये जोडा. पाव वॉटचा मात्र चालणार नाही. स्विच सुटल्यावर त्या रेझिस्टरमध्ये कायमचे १.६ वॉट जळणार आहेत आणि पहिल्या क्षणी १४.४ वॉट.

तुमच्या कॉइलचे आकडे माझ्यासारखे नसणारच. तिचा रेझिस्टन्स मल्टिमीटरवर मोजा आणि ८० च्या जागी तो घाला. पण मोजताना प्रोबची उघडी टोकं दोन्ही हातांच्या बोटांत धरू नका. मोठ्या चोकवरून प्रोब निघतो त्या क्षणी मीटरचा तो छोटासा करंट तुटतो, आणि बोटांना चांगलाच झटका बसतो. मला बसला आहे. तो झटका का बसतो, तेही पुढे येईल.

## १. आधी "बंद" आणि "चालू"चा घोळ मिटवा

ही अडचण मराठीतून शिकलेल्या मुलांना जास्त येते. घरी आपण "पंख्याचा स्विच बंद कर" म्हणतो तेव्हा करंट थांबवायचा असतो. पुस्तकात मात्र स्विच "क्लोज्ड" आहे म्हणजे वाट जोडलेली आहे आणि करंट वाहतोय. "क्लोज्ड"चं भाषांतर मनात "बंद" असं झालं, की सगळं गणित उलटं सुटतं. उत्तर दिसायला व्यवस्थित येतं, त्यामुळे संशयही येत नाही.

म्हणून मी वहीत "जोडलेला" आणि "सुटलेला" हे दोनच शब्द वापरतो. या लेखातही तेच वापरले आहेत.

## २. सर्किट समजून घ्या

२४ व्होल्टच्या सप्लायच्या पॉझिटिव्हपासून १६० ओहमचा रेझिस्टर, त्याच्या पुढे कॉइल, आणि कॉइलचं दुसरं टोक सप्लायच्या निगेटिव्हला. स्विच १६० ओहमच्या दोन टोकांवर समांतर आहे. तो जोडलेला असतो तेव्हा रेझिस्टर शॉर्ट होतो आणि कॉइलला पूर्ण २४ व्होल्ट मिळतात. सुटला की करंटला १६० ओहममधून जावं लागतं.

अशी जोडणी रिलेमध्ये खरंच करतात. रिलेचा पत्रा ओढून घेताना मधे हवेची फट असते, त्यामुळे कॉइलला जास्त करंट लागतो. पत्रा एकदा चिकटला की फट मिटते आणि तो धरून ठेवायला बराच कमी करंट पुरतो. मग पूर्ण करंट देऊन कॉइल तापवत कशाला बसायचं? आपल्या आकड्यांत बघा: स्विच जोडलेला असताना कॉइल ७.२ वॉट खाते, सुटल्यावर ०.८ वॉट.

हे सर्किट निवडायला आणखी एक कारण आहे. स्विच सुटल्यावरही सप्लाय जोडलेलाच राहतो, त्यामुळे दोन्ही रिस्पॉन्स एकाच वेळी दिसतात. सप्लाय तुटला असता तर करंट शून्याकडे गेला असता, फोर्स्ड भाग शून्य झाला असता, आणि मी केलेली चूक झाकली गेली असती. बऱ्याच जणांचं पहिलं गणित नेमकं तसलंच असतं. ते बरोबर सुटतं आणि चुकीची सवय मात्र अंगी लागते.

## ३. तीन चित्रं काढा

सूत्र लिहायच्या आधी वहीत एकाच सर्किटची तीन चित्रं शेजारी शेजारी काढा. प्रत्येक चित्रातून एकच आकडा घ्यायचा आणि एका चित्राचा आकडा दुसऱ्यात मिसळायचा नाही.

पहिलं चित्र, सुटण्याच्या अगदी आधी. स्विच बराच वेळ जोडलेला आहे. करंट स्थिरावलाय, बदलत नाही. बदलच नसेल तर इंडक्टरवर व्होल्टेज नाही, म्हणून त्याच्या जागी साधी तार काढा. उरतो कॉइलचा ८० ओहम.

```
i(0-) = 24 / 80 = 0.3 A
```

दुसरं चित्र, सुटल्याच्या पहिल्या क्षणी. इंडक्टरवरचं व्होल्टेज करंट किती वेगानं बदलतो त्यावर ठरतं. करंटने शून्य वेळात उडी मारायची तर अनंत व्होल्टेज लागेल, आणि ते या सर्किटमध्ये कुठूनच येऊ शकत नाही. म्हणून करंट आहे तिथेच राहतो.

```
i(0+) = i(0-) = 0.3 A
```

या चित्रात इंडक्टरच्या जागी ०.३ अँपिअरचा करंट सोर्स काढा. त्याचा उपयोग सहाव्या पायरीत होईल.

तिसरं चित्र, बऱ्याच वेळानंतर. पुन्हा सगळं स्थिर, इंडक्टर पुन्हा तार. पण आता वाटेत १६० आणि ८० दोन्ही आहेत.

```
i(∞) = 24 / (160 + 80) = 0.1 A
```

पहिल्या चित्रात एक सापळा आहे, आणि परीक्षेत तो मुद्दाम लावतात. "बराच वेळ जोडलेला" हे शब्द गणितात आहेत का, ते शोधा. समजा सप्लाय चालू झाला तेव्हा स्विच जोडलेला होता आणि तो फक्त ५ मिलिसेकंदांनी सुटला. तोपर्यंत करंट ०.३ ला पोचलेलाच नसतो. जोडलेल्या अवस्थेतला टाइम कॉन्स्टंट 0.4/80, म्हणजे नेमका ५ मिलिसेकंद आहे. एवढ्या वेळात करंट ०.३ च्या ६३ टक्क्यांवर, म्हणजे ०.१९ अँपिअरवर येतो. त्या गणितात `i(0+)` ला ०.१९ घ्यायचा.

## ४. टाइम कॉन्स्टंट: सुटल्यानंतरच्या सर्किटचा घ्या

टाइम कॉन्स्टंट म्हणजे L भागिले R. पण कोणता R? स्विच सुटल्यानंतर इंडक्टरच्या दोन टोकांवर उभं राहून सर्किटकडे पाहिलं, तर जो दिसतो तो. सप्लायच्या जागी तार समजा, कारण आदर्श व्होल्टेज सोर्सचा स्वतःचा रेझिस्टन्स शून्य असतो. मग १६० आणि ८० सिरीजमध्ये दिसतात.

```
τ = L / R = 0.4 / 240 = 1.667 ms
1/τ = 600 प्रति सेकंद
```

पहिल्या चित्रातला ८० ओहम इथे आणायचा नाही. ती अवस्था संपली. सर्किटमध्ये जास्त शाखा असतील तर हाच R थेवेनिनने काढा, पद्धत बदलत नाही.

R वाढला की टाइम कॉन्स्टंट कमी होतो, हेही बघून ठेवा. कपॅसिटरचं सर्किट आधी शिकलेल्यांच्या हातून R आणि L चा गुणाकार होतो. खात्री करायची एक सोपी वाट आहे: जास्त रेझिस्टन्स म्हणजे कॉइलमधली ऊर्जा लवकर जळणार, म्हणून बदलही लवकर संपणार.

## ५. दोन रिस्पॉन्स जोडा, आणि शून्य क्षण सगळ्यात शेवटी वापरा

सुटल्यानंतरचं समीकरण असं आहे:

```
0.4 di/dt + 240 i = 24
```

याच्या उत्तराचे दोन भाग होतात. सप्लाय जे करायला भाग पाडतो तो फोर्स्ड रिस्पॉन्स. सप्लाय स्थिर, म्हणून हा भागही स्थिर: ०.१ अँपिअर. दुसरा भाग सर्किटच्या स्वतःच्या स्वभावाचा. सप्लाय नसता तर साठलेली ऊर्जा कशी ओसरली असती, ते तो सांगतो. हा नॅचरल रिस्पॉन्स. उजवीकडे २४ च्या जागी शून्य ठेवलं की त्याचा आकार मिळतो:

```
i_n(t) = K e^(-600 t)
```

ओसरण्याचा वेग, म्हणजे ६००, सर्किटने ठरवला. पण K सर्किट ठरवत नाही. करंट सुरू कुठून झाला आणि जायचं कुठे आहे, यावर तो ठरतो. माझी चूक इथेच झाली होती. मी ०.३ हा आकडा एकट्या नॅचरल भागाला लावला. पण ०.३ अँपिअर हा कॉइलमधला खरा, पूर्ण करंट आहे. ॲमीटर लावला तर दिसला असता तो. नॅचरल भाग एकटा कुठल्याही मीटरवर दिसत नाही. म्हणून आधी दोन्ही भागांची बेरीज लिहायची आणि मगच t ला शून्य टाकायचं.

```
i(t) = 0.1 + K e^(-600 t)
0.3  = 0.1 + K
K    = 0.2
i(t) = 0.1 + 0.2 e^(-600 t)
```

K म्हणजे कापायचं उरलेलं अंतर. करंट ०.३ वर आहे, त्याला ०.१ वर जायचंय, अंतर ०.२. दर टाइम कॉन्स्टंटला उरलेल्या अंतराचा ३७ टक्के भाग शिल्लक राहतो. पहिल्या १.६७ मिलिसेकंदांनंतर करंट ०.१ अधिक ०.०७४, म्हणजे ०.१७४ अँपिअर. पाच टाइम कॉन्स्टंटनी, ८.३ मिलिसेकंदांवर, तो ०.१०१ होतो आणि काम संपल्यातच जमा आहे.

उत्तर लिहून झालं की t ला शून्य आणि t ला अनंत टाकून बघा. पहिलं दुसऱ्या चित्राशी आणि दुसरं तिसऱ्या चित्राशी जुळलं पाहिजे. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. मी त्या दिवशी ते केलं असतं तर ०.४ लगेच दिसला असता.

## ६. कॉइलवरचं व्होल्टेज, जिथे चिन्ह उलटतं

करंट उडी मारत नाही, पण व्होल्टेज मारतं. दुसऱ्या चित्राकडे परत या. ०.३ अँपिअर आता २४० ओहममधून चाललाय, म्हणजे रेझिस्टरांवर ७२ व्होल्ट पडतात. सप्लाय तर २४ चाच आहे. उरलेले ४८ व्होल्ट इंडक्टर पुरवतो.

```
v_L(0+) = 24 - 0.3 × 240 = -48 V
```

उणे चिन्हाला घाबरू नका. करंट ज्या टोकातून कॉइलमध्ये शिरतो ते टोक आता दुसऱ्या टोकापेक्षा खाली गेलं, एवढाच त्याचा अर्थ. कॉइल आता ऊर्जा घेत नाही, परत देतेय. सुरुवातीला तिच्यात १८ मिलिज्यूल होते, शेवटी २ उरतात. मधले १६ रेझिस्टरांत जळून जातात.

आता प्रत्यक्ष कामाची गोष्ट. हे उणे ४८ व्होल्ट तुम्हाला कधीच मोजता येणार नाहीत. कॉइलचा ८० ओहम हा तिच्याच तारेचा रेझिस्टन्स आहे. तो वेगळा काढून बाजूला ठेवता येत नाही. प्रोब लावाल तो कॉइलच्या बाहेरच्या टोकांवर, आणि तिथे दोन्हींची बेरीज दिसते:

```
v_coil(t) = 24 - 160 i(t) = 8 - 32 e^(-600 t)
```

सुटण्याआधी २४. सुटताच उणे २४. मग हळूहळू चढत अधिक ८ वर स्थिर. पहिल्यांदा हे सर्किट जोडलं तेव्हा मी उणे ४८ शोधत होतो. ते दिसेना म्हणून वायरी तपासण्यात अर्धा तास गेला. सर्किट बरोबरच होतं.

## ७. जोडायच्या आधी स्क्रीनवर चालवून बघा

```
* switch opens at 5 ms
V1 a 0 24
R1 a b 160
S1 a b ctl 0 SW1
L1 b c 0.4
R2 c 0 80
Vc ctl 0 PULSE(1 0 5m 1u 1u 1 2)
.model SW1 SW(Ron=1m Roff=100Meg Vt=0.5 Vh=0)
.tran 0 20m 0 10u
.end
```

`I(L1)` प्लॉट करा: ०.३ वरून ०.१ वर उतार दिसेल. `V(b)` म्हणजे कॉइलच्या टोकांवरचं व्होल्टेज: २४, उणे २४, मग ८. आणि `V(b,c)` हा शुद्ध इंडक्टरचा भाग, जो टेबलावर मिळत नाही पण इथे मिळतो: शून्यावरून थेट उणे ४८ आणि परत शून्याकडे.

`.tran` च्या ओळीत `uic` लिहू नका. ते लिहिलं की प्रोग्रॅम स्थिर अवस्था न शोधता कॉइलमधला करंट शून्यापासून सुरू करतो. मग ५ मिलिसेकंदांवर स्विच सुटतो तेव्हा करंट ०.१९ वरच असतो, आणि तिसऱ्या पायरीतला सापळा स्क्रीनवर समोर येतो. एकदा मुद्दाम `uic` घालून पाहिलंत तर `i(0-)` चा अर्थ चांगला ठसेल.

## ८. डीएसओवर पकडा

प्रोबची ग्राउंड क्लिप कॉइलच्या खालच्या, सप्लायच्या निगेटिव्हकडच्या टोकाला लावा आणि प्रोबचं टोक कॉइलच्या वरच्या टोकाला. ती क्लिप आतून अर्थिंगला जोडलेली असते, म्हणून सर्किटमध्ये दुसरीकडे कुठेही अडकवू नका. स्केल १० व्होल्ट प्रति डिव्हिजन, वेळ १ मिलिसेकंद प्रति डिव्हिजन, ट्रिगर सिंगल, उतरत्या कडेवर, १० व्होल्टला. शून्याची रेषा पडद्याच्या मध्यावर ठेवा. स्विच जोडा, सेकंदभर थांबा, सोडा.

आता टाइम कॉन्स्टंट मोजायचा. ३७ टक्के शोधत बसण्यापेक्षा मी अर्ध्यांचा हिशेब करतो. आपला वक्र उणे २४ वरून अधिक ८ कडे जातो, अंतर ३२ व्होल्ट. अर्धं अंतर उरतं तेव्हा व्होल्टेज उणे ८ असतं. त्याचंही अर्धं उरतं तेव्हा शून्य, आणि पुन्हा अर्धं तेव्हा अधिक ४. प्रत्येक अर्ध्याला सारखाच वेळ लागला पाहिजे, ०.६९३ गुणिले टाइम कॉन्स्टंट. आपल्या आकड्यांत तो १.१६ मिलिसेकंद येतो. म्हणजे शून्याची रेषा २.३१ मिलिसेकंदांवर ओलांडली जाते, आणि हा बिंदू पडद्यावर सगळ्यात सहज वाचता येतो.

या मोजणीतून कॉइलचा L सुद्धा मिळतो: टाइम कॉन्स्टंट गुणिले एकूण रेझिस्टन्स. लोखंडी गाभ्याच्या कॉइलला एलसीआर मीटर वेगळाच आकडा दाखवतो, कारण तो बारीक सिग्नलवर आणि वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर मोजतो. तुमच्या सर्किटसाठी वक्रातून आलेला आकडा धरा.

तिन्ही अर्ध्यांना सारखा वेळ लागला नाही तर? तर तुमच्या कॉइलचा L स्थिर नाही. रिलेची खरी कॉइल घेतली असेल तर हे होतंच: करंट जास्त असताना लोखंड सॅच्युरेट होतं आणि L कमी भरतो. करंट फारच उतरून पत्रा सुटला तर वक्रात मधेच खळगा दिसतो, कारण हलत्या पत्र्यामुळे L त्याच वेळी बदलत असतो. अशा वेळी एकच एक्स्पोनेन्शियल ओढूनताणून बसवू नका. सूत्र स्थिर L साठी आहे, आणि त्यासाठी हवेच्या गाभ्याची किंवा मोठ्या फटीची चोक वापरावी.

शेवटची किंमत ८ च्या ऐवजी साडेआठ-नऊ येत असेल तर कॉइलला हात लावून बघा. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. सात वॉट खात कॉइल दहा मिनिटं जोडलेली राहिली तर ८० चे ९० ओहम सहज होतात, आणि त्याबरोबर तिन्ही चित्रांतले आकडे सरकतात.

## ९. रेझिस्टर काढून टाकला तर

१६० ओहम काढून नुसता स्विच सिरीजमध्ये ठेवला आणि तो सोडला, तर सुटल्यानंतरचा R जवळजवळ अनंत होतो. ०.३ अँपिअरला तर वाहायचंच आहे. सूत्राप्रमाणे स्विचवरचं व्होल्टेज R च्या प्रमाणात वाढतं. १६० ओहमला ते ४८ व्होल्ट होतं, १६ हजार ओहमला ४८०० होईल. प्रत्यक्षात त्याआधीच स्विचच्या टोकांमध्ये ठिणगी पडते आणि करंट हवेतून वाट काढतो. मल्टिमीटरचा प्रोब काढताना बोटांना बसलेला झटका हाच. तिथे करंट मिलिअँपिअरचा असतो, पण वाट बोटांतून असते.

जोसेफ हेन्री यांनी लांब तारेचं सर्किट तोडताना पडणारी हीच ठिणगी नोंदवली आणि १८३२ मध्ये त्याबद्दल लिहिलं. ज्यांच्या नावाने आपण L मोजतो ते हेच. मुंबईच्या लोकल ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला विजेवर धावू लागल्या त्या १५०० व्होल्ट डीसीवर. डीसीत करंट आपणहून शून्यावर येत नाही. त्यामुळे मोटरच्या वाइंडिंगचा करंट तोडणाऱ्या कॉन्टॅक्टरमध्ये ठिणगी ताणून विझवायची सोय करावी लागते.

ठिणगी आली की पहिल्या ऑर्डरचं सूत्र तिथे संपतं. ठिणगीचा रेझिस्टन्स स्थिर नसतो, आणि कॉइलच्या वेढ्यांमधली कपॅसिटन्सही हिशेबात येते. त्या क्षणाचं उत्तर एका एक्स्पोनेन्शियलने काढू नका.

## १०. कॉइलवर डायोड असेल तर चित्रं पुन्हा काढा

तयार रिले बोर्डावर कॉइलला उलटा डायोड लावलेला असतो. तशी कॉइल आपल्या सर्किटला जोडली तर डीएसओवर उणे २४ दिसणारच नाहीत. कॉइलचं वरचं टोक शून्याच्या खाली ०.७ व्होल्ट गेलं की डायोड चालू होतो आणि व्होल्टेज तिथेच अडकवतो.

आता १६० ओहममधून सप्लाय फक्त 24.7/160, म्हणजे ०.१५४ अँपिअर देतो. कॉइलमधला बाकीचा करंट डायोडमधून गोल फिरतो. कॉइलच्या दृष्टीने हे वेगळं सर्किट आहे: वाटेत तिचा स्वतःचा ८० ओहम आणि उणे ०.७ व्होल्टचा सोर्स. टाइम कॉन्स्टंट पुन्हा ५ मिलिसेकंद. फोर्स्ड भाग उणे ०.७ भागिले ८०.

```
i(t) = -0.00875 + 0.30875 e^(-200 t)
```

K इथेही ०.३ नाही, ०.३०८७५ आहे, कारण अंतर उणे बाजूपर्यंत मोजायचं. पण हे सूत्र शेवटपर्यंत चालत नाही. कॉइलचा करंट ०.१५४ वर आला की डायोडला वाहून न्यायला काही उरत नाही आणि तो बंद पडतो. आकडे टाकले तर तो क्षण ३.१९ मिलिसेकंदांवर येतो. तिथून जुनं २४० ओहमचं सर्किट परत लागू होतं. फक्त सुरुवातीचा करंट आता ०.१५४ आणि वेळ त्या क्षणापासून मोजायची:

```
i = 0.1 + 0.054 e^(-600 (t - 3.19 ms))
```

पडद्यावर हे असं दिसतं: २४ वरून रेषा उणे ०.७ वर पडते, तीन मिलिसेकंदांहून थोडी जास्त वेळ तिथेच जवळजवळ आडवी राहते, मग एका कोपऱ्यातून वळून ८ कडे चढू लागते. डायोड नसताना करंट त्याच ०.१५४ वर २.१७ मिलिसेकंदांतच पोचला असता.

मुलं हा कोपरा बघून प्रोब सैल आहे का ते तपासतात. प्रोब ठीक असतो. त्या कोपऱ्यावर डायोड बंद झालेला असतो, आणि तिथून पुढचं तीन चित्रांचं काम नव्या `i(0+)` ने करायचं असतं.